रान मोकळं नसतं

एटापल्ली किंवा भामरागड तालुक्याच्या नकाशावर मोबाइल टॉवरची आखणी करायला बसलं, की आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा भाग शहरी धरायचा, उपनगरी की मोकळा? उत्तर सोपं वाटतं. इमारती नाहीत, वस्ती विरळ, म्हणजे मोकळा. पण गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, आणि लहरीच्या दृष्टीनं माणसं नसणं म्हणजे मोकळं असणं नव्हे. ही वर्गवारी जिथून आली तिथे ‘मोकळा’ या शब्दाला नेमका अर्थ होता. तो अर्थ वाटेत गळून पडला आणि नुसता शब्द आपल्याकडे पोचला.

योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियोच्या आसपास गाडीतून मोजमापं घेतली आणि १९६८ साली ती आलेखांच्या रूपात छापली. मासाहारू हाता यांनी १९८० मध्ये त्याच आलेखांवर सूत्रं बसवली. म्हणजे हे सूत्र भौतिकशास्त्राच्या नियमातून काढलेलं नाही. मोजलेल्या ठिपक्यांमधून ओढलेली ती रेषा आहे. ओकुमुरांच्या लेखी मोकळा भाग म्हणजे जिथे समोर तीन-चारशे मीटरपर्यंत उंच झाड किंवा इमारत नाही अशी जागा, उदाहरणार्थ शेत, भातखाचर. या व्याख्येत ब्रह्मपुरी, मूल किंवा आरमोरीकडच्या धानाच्या बांध्या चपखल बसतात. झाडीपट्टीचं हे सपाट शिवार टोकियोपासून कितीही दूर असलं, तरी सूत्राला ते ओळखीचं वाटेल. आलापल्लीचं सागवान मात्र त्या तिन्ही खणांपैकी एकाही खणात बसत नाही.

आकडे घालून पाहू. टॉवर ४० मीटर उंच, वारंवारता ९०० मेगाहर्ट्झ, फोन जमिनीपासून दीड मीटरवर आणि अंतर ५ किलोमीटर. हातांच्या सूत्रानं मध्यम आकाराच्या शहरात, म्हणजे चंद्रपूरसारख्या ठिकाणी, वाटेतला क्षय सुमारे १४९ डेसिबल येतो. उपनगरी भागात १३९ आणि मोकळ्या भागात १२०. दर १० डेसिबलला शक्ती दहापट घटते. म्हणजे शहरी आणि मोकळ्या खणातल्या साडेअठ्ठावीस डेसिबलच्या फरकाचा अर्थ असा, की पोचणाऱ्या शक्तीत जवळपास सातशेपट तफावत. अंतरात सांगायचं तर तोच टॉवर मोकळ्या भागात शहराच्या पावणेसातपट लांब पोचेल. एका रकान्यातला एक शब्द बदलला, की नकाशावरचं वर्तुळ एवढं फुगतं. यंत्रणेला १४० डेसिबलपर्यंतचा क्षय झेपतो असं धरलं, तर ‘मोकळा’ लिहिणाऱ्याच्या हाती २० डेसिबलची शिल्लक दिसते आणि गाव कागदावर जोडलं जातं.

शिवाय १२० हा आकडा मध्यक आहे. त्या अंतरावरच्या निम्म्या जागी क्षय याहून जास्त असणार, हे त्या शब्दातच आलं. जागोजागचा हा चढउतार सुमारे ८ डेसिबलच्या प्रमाण विचलनाचा धरला, तर दहापैकी नऊ जागी सिग्नल हवा असल्यास आणखी १० डेसिबल बाजूला काढून ठेवावे लागतात. शिल्लक इथेच निम्मी झाली. आता झाडं. वाइसबर्गर यांचं पानांनी भरलेल्या झाडीसाठीचं प्रायोगिक सूत्र ९०० मेगाहर्ट्झला ४० मीटर झाडीत सुमारे ११ डेसिबल, १०० मीटरमध्ये १९ आणि ४०० मीटरमध्ये जवळजवळ ४४ डेसिबल क्षय दाखवतं. शंभर मीटरच्या पट्ट्यानंच उरलेली शिल्लक संपून वर तोटा होतो.

यावर एक व्यवहारी तोडगा सुचवला जातो: जंगलाला उपनगरी समजा. १२० अधिक १९ म्हणजे १३९, अगदी उपनगरी खणाचाच आकडा! पण हा योगायोग फक्त शंभर मीटरचा आहे. झाडी ४० मीटर असेल तर हा तोडगा उगाच जास्त क्षय सांगतो, चारशे मीटर असेल तर फारच कमी. खरी अडचण त्याहून खोल आहे. ४० मीटरच्या टोकापासून ५ किलोमीटरवरच्या फोनकडे येणारी सरळ रेषा किलोमीटरमागे जेमतेम पावणेआठ मीटर उतरते. झाडांचे शेंडे २० मीटरवर असतील, तर ती गावाच्या सुमारे २.४ किलोमीटर आधीच शेंड्यांखाली शिरते, आणि वाइसबर्गरचं सूत्र तर ४०० मीटरपलीकडे लागूच नाही. एवढं जंगल भेदून लहर येत नाहीच. ती शेंड्यांवरून सरकत येते आणि गावाच्या मोकळवनाच्या काठावरून खाली वळते. म्हणून टॉवरच्या बाजूच्या झाडांच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं तर रेंज जाते, आणि समोरच्या टोकाला शेतात गेलं की काही वेळा मिळते. हा फरक तिन्ही खणांपैकी कुठल्याही खणाला दिसत नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं दोन्ही जागा टॉवरपासून सारख्याच दूर आहेत.

उंचीची मर्यादा याहून फसवी आहे. हातांचं सूत्र टॉवरच्या ३० ते २०० मीटर उंचीसाठी, फोनच्या १ ते १० मीटर उंचीसाठी आणि १ ते २० किलोमीटर अंतरासाठी आहे. यातली टॉवरची उंची पायथ्यापासून मोजायची नसते. ३ ते १५ किलोमीटरच्या टापूतल्या जमिनीची सरासरी पातळी काढून तिच्यावरची उंची धरायची असते. सुरजागडच्या डोंगरांसारख्या भागात टॉवर दरीत उभा असेल आणि भोवतालची जमीन सरासरी ३५ मीटर वर असेल, तर ४० मीटरचा टॉवर सूत्राच्या लेखी ५ मीटरचा उरतो. जमीन ६० मीटर वर असेल तर उंची उणे २०, आणि उणे संख्येचा लॉगॅरिदम निघत नाही, संगणक चूक दाखवतो. हा दुसरा प्रकार परवडला. पाच मीटरला संगणक मुकाट्यानं उत्तर देतो, आणि ते हद्दीबाहेरचं आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन वनरक्षकांच्या हातातल्या बिनतारी संचांनाही हे सूत्र लावता येत नाही. दोन्ही अँटेना माणसाच्या उंचीच्या, त्यांत ३० मीटरचं टोक कुठलं?

वारंवारतेची हद्द १५० ते १५०० मेगाहर्ट्झ आहे. आपल्याकडचे ७००, ८०० आणि ९०० चे पट्टे तीत बसतात. १८०० साठी युरोपातल्या कॉस्ट-२३१ प्रकल्पानं सूत्र २००० पर्यंत वाढवलं, पण ते शहरांसाठी. त्यातून हातांची मोकळ्या भागाची वजावट करणं म्हणजे एका सदऱ्याला दुसऱ्याची बाही. २१००, २३०० आणि ३३०० तर त्याही पलीकडे, आणि तिथे पानंही जास्त शोषतात. कमी वारंवारता घ्या म्हणजे जंगलाचा प्रश्न सुटला, असं म्हणणाऱ्यांचं अर्धंच बरोबर आहे. वाइसबर्गरच्या सूत्रात झाडीचा क्षय वारंवारतेबरोबर फार हळू वाढतो. ९०० वरून ७०० वर आल्यानं शंभर मीटर झाडीत दीड डेसिबलही वाचत नाही.

मग हातांचं सूत्र टाकून द्यायचं? नाही. अंतरामागे क्षय कसा वाढतो याचा त्यानं दिलेला उतार हा पाया म्हणून अजून उपयोगी आहे. त्यावर स्थानिक मोजमापांतून जंगलाची वजावट वेगळी काढायला हवी. मात्र मोजायचं कधी, हे महत्त्वाचं. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिलमध्ये मोजलेला क्षय ऑगस्टच्या भरल्या, ओल्या पानांत कमीच ठरणार. मोजायचं कुठे, हेही तितकंच. मोजणीची गाडी रस्त्यानं जाते. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता म्हणजे जंगलात कापलेली एक लांब फट, आणि टॉवर रस्त्याच्या रेषेत असेल तर लहर तिच्यातून बरीच मोकळी येते. त्या गाडीनं काढलेला मध्यक रस्त्याचा असतो. आत दोनशे मीटरवरच्या पाड्याचा मध्यक हवा असेल, तर उपकरण खांद्यावर घेऊन पायी जावं लागतं.