सोयाबीन पिवळं पडलं, पण कशानं?

जुलैची झड उघडली की मराठवाड्यात सोयाबीनचे पट्टेच्या पट्टे पिवळे दिसू लागतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली, गावात मुक्कामी आलेली कृषिकन्या बांधावर पोचते तोवर शेतकऱ्याचं निदान झालेलं असतं. "ताई, रोग पडला बघा. कोणतं औषध मारू?" नीट शिकलेली मुलगी औषधाचं नाव सांगत नाही. ती विचारते, "काका, पिवळेपणा शेंड्याला आहे की बुडाला?"

निम्मं निदान या प्रश्नातच होतं. नत्र कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही. पुरवठा तुटला की नुकसान कोवळ्या पानांचं होतं आणि खालची पानं हिरवीगार राहतात. शेंड्याचं पान उन्हाकडे धरलं तर शिरांची बारीक हिरवी जाळी आणि मधली जागा पिवळी असं चित्र दिसतं. कमतरता फारच वाढली तर शिराही फिक्या होऊन पान पांढुरकं पडतं.

पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग शिरा पाळत नाही. पिवळे-हिरवे ठिपके वेडेवाकडे पसरतात, शिरांवरूनही जातात. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून सुरुवातीला एक झाड इथे, दुसरं तिथे असं दिसतं आणि पुढच्या फेरीत संख्या वाढलेली असते. लोहाच्या कमतरतेत एका पट्ट्यातली झाडं साधारण एकाच वेळी पिवळी होतात आणि तो पट्टा बहुधा सखल किंवा चुनखडीचा असतो. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की चुनखडी फसफसून आपली ओळख देते.

पाण्याचा ताण ओळखायला दुपारची वेळ धरावी. पाणी कमी असेल तर पानं माना टाकतात आणि सुरुवातीच्या काळात संध्याकाळी पुन्हा सावरतात. पाणी जास्त झालं की मात्र गुंता होतो. मातीतली हवा कोंडते, मुळांचा श्वास अडतो, चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट साचतं आणि मातीत भरपूर लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणजे शेतात पाणी तुंबलेलं असतं आणि पानात लोहाची खरीखुरी कमतरताही असते. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, कारण परीक्षेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर घालवावं. वाफसा आल्यावर निघालेली नवी पानं आपोआप हिरवी आली तर फवारणीचा खर्च वाचतो.

शंका उरलीच तर रंगाचा ब्रश कामाला येतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवायचं. सकाळी किंवा संध्याकाळी शेंड्याच्या काही पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागावर हे द्रावण लावायचं, उरलेल्या अर्ध्यावर नुसतं पाणी, आणि झाडाला दोरा बांधून ठेवायचा. लोहाचीच कमतरता असेल तर आठवड्याच्या आत द्रावण लागलेला भाग हिरवा होऊ लागतो. थेंब पडला तेवढाच ठिपका हिरवा आणि भोवती पिवळं असं पानही दिसतं. याहून स्पष्ट पुरावा कुठली प्रयोगशाळा देत नाही, असं माझं मत. द्रावण मात्र ताजंच हवं. ते तांबूस झालं की लोह गंजलं असं समजून टाकून द्यावं.

प्रयोगशाळाही कधी कधी फसवते. पिवळ्या पानाचं पृथक्करण केलं तर एकूण लोह हिरव्या पानाइतकंच भरू शकतं, कारण पानात असलेलं सगळंच लोह झाडाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून उपयोगी पडणारं, म्हणजे सक्रिय लोह वेगळं मोजावं लागतं.

ब्रशने पान हिरवं झालं नाही तर शेतकऱ्याला आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो. तणनाशक कधी मारलं? सोयाबीनमधल्या काही तणनाशकांनीही कोवळी पानं काही दिवस पिवळी पडतात आणि पुढे झाड स्वतःच सावरतं.

चाचणी लोहाच्या बाजूने लागली तर याच प्रमाणातलं द्रावण पिकावर फवारतात. त्याने फवारलेली पानं हिरवी होतात, पण लोह जागचं हलत नसल्याने नंतर फुटणारं पान पुन्हा पिवळं येऊ शकतं आणि आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते. चुनखडीच्या जमिनीत नुसती हिराकस टाकली तर तिच्यातलं लोह लवकरच न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. जमिनीतून द्यायचीच तर ती पेरणीआधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावी.