शंभरावरचे टक्के

टेनिसच्या अटीतटीच्या सामन्यात ब्रिटिश बुकी दोन्ही खेळाडूंना १.९१ भाव देतो. शंभराला १.९१ने भागलं की ५२.४ येतात, दोघांचे मिळून जवळजवळ १०५. शंभरावरचे हे पाच म्हणजे बुकीची कागदावरची कमाई.

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ग्रँड नॅशनल शर्यतीत २०२४पासून जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात. दोनशेत एकदाच जिंकेल असा घोडा घ्या. त्याचा रास्त भाव २००, पण बुकी देतो १०१. म्हणजे अर्ध्या टक्क्याऐवजी एक टक्का. वाढ किरकोळ दिसते, पण त्या घोड्यावर पैसे लावणाऱ्याचा भाव निम्मा झालेला असतो! सरासरी पाऊण टक्का धरला तरी ३४ घोड्यांचे साडेपंचवीस होतात.

बुकीला भीतीही असते. अशा घोड्याची खरी शक्यता अर्धा टक्का की एक, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, आणि चूक झाली तर फटका मोठा. टेनिसमध्ये १.९१चा १.८० केला तर गिऱ्हाईक लगेच दुसरीकडे जातं. शंभराचा ऐंशी झालेला फारसं कुणी तपासत नाही. म्हणून पैसे लावण्याआधी सगळ्या घोड्यांची ही बेरीज करून बघावी.