एका किरणाचा हिशेब

पिवळ्या लेगो बुलडोझरची 100 चित्रं, प्रत्येक 800 बाय 800 पिक्सेलचं. बुलडोझर संगणकावर तयार केलेला, त्यामुळे प्रत्येक चित्र काढताना कॅमेरा नेमका कुठे होता हेही माहीत. एवढ्या सामग्रीवरून, ज्या कोनातून कधीच चित्र काढलं नाही त्या कोनातून तो कसा दिसेल, हे सांगायचं. बेन मिल्डेनहॉल, प्रतुल श्रीनिवासन, मॅथ्यू टॅन्सिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली ‘न्यूरल रेडिअन्स फील्ड’ ऊर्फ ‘नर्फ’ ही पद्धत मांडली, तेव्हा तिच्या चाचण्यांत हा बुलडोझर होता.

या पद्धतीत बुलडोझरचा सांगाडा कुठेही साठवलेला नसतो. असतं ते एक छोटं न्यूरल नेटवर्क. त्याला पाच आकडे द्यायचे: अवकाशातल्या एका बिंदूचं स्थान सांगणारे तीन आणि आपण कोणत्या दिशेनं पाहतोय ते सांगणारे दोन. उत्तरात बिंदूचा रंग आणि त्याची घनता मिळते. घनता म्हणजे तिथे प्रकाश अडण्याची शक्यता किती, याचं माप. हवेत ती शून्याजवळ, प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर भरपूर.

मग चित्र कसं तयार होतं? कॅमेऱ्यापासून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण दृश्यात सोडायचा, त्याच्यावर ठिकठिकाणी बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक बिंदूबद्दल नेटवर्कला विचारायचं. समजा, एका किरणावर चारच बिंदू आहेत. पहिले दोन हवेत, त्यांचा वाटा शून्य. तिसऱ्या बिंदूवर 60 टक्के प्रकाश अडतो, म्हणून त्याच्या पिवळ्या रंगाचा पिक्सेलमधला वाटा 0.60. पुढे 0.40 उरतो. चौथा बिंदू त्यातला 80 टक्के अडवतो, म्हणजे त्याच्या काळ्या रंगाचा वाटा 0.32. शिल्लक 0.08 मागच्या पांढऱ्या पार्श्वभूमीचा. या प्रमाणात तिन्ही रंग मिसळले की पिक्सेलचा रंग ठरला.

हा रंग मूळ चित्रातल्या त्याच पिक्सेलशी ताडून पाहायचा आणि जो फरक पडेल त्यानुसार नेटवर्कचे आकडे किंचित बदलायचे. शिकवणी एवढीच. बुलडोझर कुठे आहे, हे नेटवर्कला कुणीही सांगत नाही. पण शंभर बाजूंनी येणाऱ्या किरणांचा हिशेब एकाच वेळी जुळवायचा, तर घनता योग्य जागी ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

इथे रचनेतली एक खुबी महत्त्वाची आहे. घनता ठरवताना नेटवर्कला फक्त स्थान दिलं जातं. दिशा उशिरा, घनता ठरून गेल्यावर येते आणि ती केवळ रंगावर परिणाम करते. वस्तू कुठून पाहिली म्हणून तिची जागा बदलत नाही, तिची चमक मात्र बदलते. दिशा काढून टाकली, तेव्हा बुलडोझरच्या पट्ट्यावरचं चकचकीत प्रतिबिंब नेटवर्कला साधलं नाही. उलट घनतेलाही दिशा कळली असती, तर प्रत्येक चित्रासाठी वेगळी वस्तू उभी करून त्यानं वेळ मारून नेली असती.

दुसरी अडचण बारकाव्यांची. असं नेटवर्क संथ बदल लवकर शिकतं, झटकन होणारे बदल त्याला जड जातात. 0.500 आणि 0.501 ही दोन स्थानं त्याला जवळपास सारखीच वाटतात. म्हणून स्थानाचा प्रत्येक आकडा आधी दहा वारंवारितांच्या साइन-कोसाइनमध्ये उलगडून दिला जातो. वारंवारिता दरवेळी दुप्पट होते. सर्वांत वरच्या पायरीवर 0.500 चं साइन 0 येतं आणि 0.501 चं जवळपास 1. आता फरक डोळ्यांत भरतो. ही पायरी गाळली, तर लेगोचे कंगोरे पुसट होतात.

शिकलेलं नेटवर्क जेमतेम 5 मेगाबाइटचं, मूळ चित्रांपेक्षाही हलकं. किंमत वेळेत मोजावी लागते. मूळ पद्धतीत एका दृश्याच्या शिकवणीला एका ग्राफिक्स प्रोसेसरवर एक ते दोन दिवस लागत. एक नवं चित्र काढायचं, तर नेटवर्कला 15 ते 20 कोटी वेळा विचारावं लागे. एनव्हिडियाच्या संशोधकांनी 2022 मध्ये बिंदूंची माहिती साठवण्याची रीत बदलली आणि नेटवर्क आणखी छोटं केलं, तेव्हा शिकवणी काही सेकंदांवर आली.

खऱ्या फोटोंत कॅमेऱ्याची जागा आयती मिळत नाही. ती आधी वेगळ्या सॉफ्टवेअरनं काढावी लागते आणि तिथे चूक झाली की सगळं दृश्य धूसर होतं. फोटो कमी असले किंवा मधेच कुणी हललं, तर हवेत धुरकट ठिपके तरंगू लागतात. दिलेल्या कोनांतून मात्र चित्र तरीही ठाकठीक दिसू शकतं. म्हणून नर्फ करून पाहणाऱ्यानं काही फोटो शिकवणीपासून बाजूला ठेवावेत, त्याच कोनांतून चित्र काढावं आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासावं.