शेवटच्या बाकावरून स्लाइड वाचता येते का? मोबाइलवर तपासा

परतवाड्यात शिकवणाऱ्या माझ्या ताईने स्लाइडचं नवीन टेम्प्लेट पाठवलं. लॅपटॉपवर मस्त दिसत होतं. पण लॅपटॉपसमोर आपण पहिल्या बाकापेक्षाही जवळ बसतो ना!

तिच्या वर्गात पडद्यावरचं चित्र २ मीटर रुंद आणि शेवटचा बाक ८ मीटरवर, म्हणजे रुंदीच्या चौपट लांब. आता मोबाइल आडवा धरा. त्यावर स्लाइड १४ सेंटिमीटर रुंद दिसत असेल, तर ५६ सेंटिमीटरवरून वाचा. डोळ्याला अक्षर शेवटच्या बाकावरून दिसतं तेवढंच दिसेल. 'घ' आणि 'ध' वेगळे ओळखता आले, अनुस्वार दिसला, तर साइज पास.

ताईचं शीर्षक पास झालं, मजकूर नापास. टेम्प्लेटमध्ये तर २८ पॉइंट होते! मजकूर चौकटीत मावेना म्हणून पॉवरपॉइंटने ते गुपचूप २० च्या आसपास आणले होते. मग `Do not Autofit` निवडलं आणि मजकूर दोन स्लाइडवर टाकला.

रंगाचं मात्र मोबाइल सांगत नाही. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. काळं म्हणजे खोलीतल्या उजेडात पडदा जेवढा काळा दिसेल तेवढंच. पांढऱ्यावर `#777777` राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट स्क्रीनवर ४.४८:१ असतो. वेबसाइटसाठीचा निकष ४.५:१, म्हणजे जवळपास पास. पण प्रोजेक्टरच्या पांढऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा उजेड खिडकीतून पडद्यावर आला, की तोच साधारण ३:१ वर येतो. काळ्या अक्षरांना त्याच उजेडात ६:१ मिळतो. ताईने अक्षरं काळी केली. खिडक्यांना पडदे नव्हतेच.