नवमांश वाचण्याआधी जन्मवेळ वाचा

बारामती-इंदापूर पट्ट्यात स्थळ आलं की पत्रिका आधी गुणमेलनाला जाते. छत्तीसपैकी किती गुण आले, मंगळ आहे का, नाडी एक तर नाही ना, एवढं पाहून बहुतेक घरं पुढे सरकतात. गुरुजी जरा चौकस असले तर त्यांची नजर मुख्य कुंडलीशेजारी छापलेल्या दुसऱ्या चौकटीकडे जाते. ग्रह तेच, पण निराळ्या घरांत बसलेले. ही नवमांश कुंडली. पराशरी परंपरेत षड्वर्गांचं बळ वीस गुणांत मोजतात. त्यात राशिकुंडलीला ६ आणि नवमांशाला ५ गुण आहेत. बाकीच्या चार वर्गांना त्याहून कमी. जोडीदाराचा विचार करायला याच वर्गाचं नाव घेतलेलं आहे.

ती तयार होते साध्या भागाकाराने. एक रास ३० अंशांची. तिचे नऊ भाग केले की प्रत्येक भाग ३ अंश २० कलांचा होतो. बारा राशींचे मिळून असे १०८ नवमांश. नक्षत्राचा एक चरणही नेमका एवढाच असतो, त्यामुळे चरण माहीत असेल तर नवमांश आपोआप कळतो. बाळाचं जन्मनाव ज्या अक्षरावरून ठेवतात, ‘चू, चे, चो, ला’ यांपैकी एखाद्या, ते अक्षर म्हणजे चंद्राचा चरण, अर्थात चंद्राचा नवमांशच. घरोघरी तो बारशापासून ठाऊक असतो, फक्त त्याला कोणी नवमांश म्हणत नाही.

मोजणी कुठून सुरू करायची, हे राशीच्या तत्त्वावर ठरतं. मेष, सिंह, धनु या अग्निराशींत पहिला नवमांश मेषेचा. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीराशींत मकरेचा. मिथुन, तूळ, कुंभ या वायुराशींत तुळेचा आणि कर्क, वृश्चिक, मीन या जलराशींत कर्केचा. तिथून राशिक्रमाने नऊ मोजायचे. ग्रह ज्या राशीत आहे त्याच राशीच्या नवमांशात पडला तर तो वर्गोत्तम, म्हणजे आत-बाहेर एकसारखा.

आता एक नमुना घेऊ. हा कुणा ओळखीच्याचा नाही. तारीख फक्त समजावण्यासाठी निवडली आहे. मुलाचा जन्म २० मार्च २०००, संध्याकाळी ५ वाजून १ मिनिट, बारामती. चित्रापक्षीय गणिताने लग्न सिंह येतं, १३ अंशांच्या किंचित पुढे. सप्तमस्थानी कुंभ, तिचा स्वामी शनी. तो नवव्या स्थानी मेषेत २० अंशांच्या थोडा पुढे, म्हणजे नीच राशीत. शुक्र सप्तमातच कुंभेत, १५ अंशांच्या जरासा अलीकडे. लग्नेश रवी आठव्या स्थानी मीनेत, सव्वासहा अंशांवर.

नुसती राशिकुंडली पाहणारा इथे कपाळाला आठी घालील. सप्तमेश नीच, लग्नेश अष्टमात. शुक्र सप्तमात आहे तेवढाच काय तो दिलासा. आता एकेक ग्रह नवमांशात नेऊन पाहू.

शनीपासून सुरुवात करू, कारण विवाहाचा प्रश्न सप्तमेशाभोवती फिरतो. मेषेत मोजणी मेषेपासून. सहा नवमांश २० अंशांवर संपतात, सातवा २० ते २३ अंश २० कला, आणि तो तुळेचा. तूळ ही शनीची उच्च रास. राशीत नीच असलेला ग्रह नवमांशात उच्च झाला. जाणते गुरुजी याचा अर्थ असा लावतात की सुरुवात अडखळत होईल, स्थळं येऊन परत जातील, पण एकदा ठरलं की नातं पक्कं बसेल. उसाचा फड बांधावरून कसाही दिसला तरी साखर उतारा गाळपातच कळतो, तसा हा प्रकार. मात्र इथे एक मर्यादा पाळावी लागते. नवमांशातल्या उच्चत्वामुळे राशीतलं नीचत्व पुसलं जात नाही. मुख्य कुंडलीत ज्याचं बीजच नाही ते नवमांश देत नाही. जे आहे ते कितपत टिकेल, एवढंच तो सांगतो.

शुक्र कुंभेत. वायुरास, म्हणून मोजणी तुळेपासून: तूळ, वृश्चिक, धनु, मकर आणि पाचवा कुंभ, १३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत. शुक्र बरोबर त्यात आहे, म्हणजे वर्गोत्तम. पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक शुक्रच, त्यामुळे हा धागा मजबूत धरतात.

राहिला रवी, म्हणजे लग्नेश. माणसाचा आतला दम त्याच्यावरून पाहतात. मीन जलरास, मोजणी कर्केपासून, आणि दुसरा नवमांश सिंहेचा, ६ अंश ४० कलांपर्यंत. अष्टमातला रवी नवमांशात स्वराशीत आला. बाहेरून हा मुलगा दबून राहणारा, पडतं घेणारा वाटेल, पण वेळ आली की मोडणार नाही, असं वाचन निघतं. उलट प्रकारही असतो. मीनेत ८ अंशांवरचा शुक्र उच्च म्हणून सगळे खूश होतात. पण त्याचा नवमांश कन्येचा, म्हणजे नीच. थाटामाटात लग्न आणि नंतर कुरबुर, असं भाकीत अशाच शुक्रावरून केलं जातं.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गोम आहे नवमांशाच्या लग्नात.

लग्न सुमारे दोन तासांत एक रास चालतं, म्हणजे नवमांश लग्न तेरा-चौदा मिनिटांत बदलतं. आपल्या नमुन्यात सिंह लग्नाचा चौथा नवमांश कर्केचा आहे आणि तो १३ अंश २० कलांवर संपतो. पुढचा सिंहेचा, वर्गोत्तम. आता हाच जन्म, हेच ५ वाजून १ मिनिट, पण ठिकाण इंदापूर धरा. बारामतीचं रेखांश ७४ अंश ३५ कला, इंदापूरचं ७५ अंश २ कला. अंतर २७ कलांचं, म्हणजे स्थानिक वेळेत पावणेदोन मिनिटांच्या थोडं वर. तेवढ्यात लग्न साधारण २५ कला पुढे सरकतं आणि साडेतेरा अंशांजवळ जातं. बारामतीला नवमांश लग्न कर्क, इंदापूरला सिंह.

फरक किती पडतो ते पाहा. कर्क धरलं तर कुंभेतला शुक्र नवमांशाच्या आठव्या घरात जातो आणि गुरुजी गप्प होतात. सिंह धरलं तर तोच शुक्र सातव्यात आणि रवी थेट लग्नात. तेच गुरुजी पेढे मागवतील. ग्रहांचे नवमांश मात्र दोन्हीकडे तेच राहिले. शनी तुळेतच, शुक्र कुंभेतच, रवी सिंहेतच. रवीला नवमांश बदलायला तीन दिवसांहून जास्त लागतात, चंद्राला सुमारे सहा तास, शनीला तर कित्येक आठवडे.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी ग्रह नवमांशात उच्च, स्वराशीचा, वर्गोत्तम की नीच, एवढंच वाचावं. ते वाचन भरवशाचं, कारण चार-दोन मिनिटांच्या चुकीने ते क्वचितच हलतं. नवमांशातली घरं मोजायची तर जन्मवेळ पक्की हवी. नवमांशात दृष्टी धरायची की नाही यावर तर अभ्यासकांतच एकमत नाही, तेव्हा तिच्यावरून स्थळ नाकारणं मला पटत नाही.

पक्की वेळ इथे मिळते का? भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी ही गावं इंदापूर तालुक्यातली, पण बाळंतपणासाठी पुष्कळदा बारामती गाठली जाते. मग पत्रिकेवर जन्मस्थळ म्हणून मूळ गाव लिहिलं जातं, कधी तालुका, तर कधी जिल्हा म्हणून नुसतं ‘पुणे’. पुणे लिहिलं की इंदापूरच्या मानाने जवळजवळ पावणेपाच मिनिटांचा फरक पडतो आणि लग्न एका अंशाहून जास्त मागे जातं. त्यात आजी सांगते ‘पाचच्या सुमारास’, आणि पत्रिका करणारा ५:०० टाकून मोकळा होतो. वेळेच्या शेवटी शून्य किंवा पाच दिसला की ती गोलावलेली असल्याचा संशय घ्यावा. तपासायची रीत सोपी आहे. संगणकावर तीच पत्रिका पाच मिनिटं आधीची आणि पाच मिनिटं नंतरची काढायची. नवमांश लग्न तिन्हींत एकच आलं तर घरं मोजायला हरकत नाही. बदललं तर ती चौकट घरांसाठी वापरू नये. दहा-दहा मिनिटांची चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण तेरा-चौदा मिनिटांचा नवमांश वीस मिनिटांत बदलणारच. वेळेची खात्री पाच मिनिटांपर्यंत असेल तरच ही चाचणी उपयोगाची.

दुसरा खड्डा पंचांगाचा, आणि तो खास महाराष्ट्रातला. सोलापूरचं दाते पंचांग चित्रापक्षाचं अयनांश वापरतं, टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. दोहोंत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. नवमांश ३ अंश २० कलांचा, म्हणजे टिळक पंचांगाने केलेल्या पत्रिकेत प्रत्येक ग्रहाचा नवमांश बदलतोच. आपल्या नमुन्यातला शनी तुळेतून वृश्चिकेत जाईल, त्याचं उच्चत्व संपेल. शुक्र मात्र मीनेत जाऊन उच्च होईल. मुलाची पत्रिका एका पंचांगाची आणि मुलीची दुसऱ्याची असेल, तर दोन्ही नवमांश शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निव्वळ गोंधळ असतो.

शास्त्राची कसोटी म्हणाल, तर पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जमली असती. ती चाचणी विवाहाची नव्हती, पण पत्रिकेवर किती भार टाकायचा हे ठरवताना तिचा विसर पडू नये.

तेव्हा पत्रिका दाखवायला जाताना रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, कारण जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते. जन्म झाला त्या गावाचंच नाव सांगा, मूळ गावाचं नको. पत्रिका कोणत्या पंचांगाची आहे हे गुरुजींना विचारा. आणि केवळ नवमांशाच्या आठव्या घरातल्या शुक्रावरून कुणी स्थळ मोडायला सांगत असेल, तर दोन मिनिटं पुढची कुंडली काढून दाखवा, असं त्यांना निःसंकोच म्हणा.