गजरा गेला कुठे? लेअर, मास्क आणि सिलेक्शन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाटकाचं पोस्टर करायचं आहे. हाताशी दोन फोटो आहेत. एकात रंगमंचाचा गडद तांबडा पडदा, दुसऱ्यात पांढऱ्या भिंतीसमोर उभी असलेली अभिनेत्री : नऊवारी, कमरेवर हात, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. भिंत घालवून अभिनेत्रीला पडद्यासमोर आणायचं आणि वर नाटकाचं नाव टाकायचं. गिंप हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारे बरेच जण असंच काहीतरी काम घेऊन बसतात आणि लेअर, मास्क, सिलेक्शन या तीन शब्दांपाशी येऊन अडतात.

या तिन्हींचा उलगडा एकाच चित्राने होतो : एकावर एक रचलेले पारदर्शक कागद. हे चित्र संगणकाच्या आधीचं आहे. अमेरिकेतले अ‍ॅनिमेटर अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइड वापरण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मागचं दृश्य एकदाच रंगवायचं, हलणारी पात्रं पारदर्शक पत्र्यांवर काढायची आणि सगळं एकावर एक ठेवून कॅमेऱ्याने टिपायचं, ही ती पद्धत. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. कल्पना तीच राहिली, पत्र्याच्या जागी पिक्सेल आले.

गैरसमज १ : स्क्रीनवर जे दिसतं, त्यावरच ब्रश चालतो.

वस्तुस्थिती : पाहणारा गठ्ठ्याकडे वरून पाहतो, पण ब्रश एका वेळी एकाच कागदावर चालतो. आपल्या पोस्टरमध्ये तीन कागद आहेत. तळाशी पडदा, मध्ये अभिनेत्री, सर्वांत वर नाटकाचं नाव. लेअरच्या यादीत जो कागद निवडलेला असेल, रंग त्यावरच पडतो. पडदा निवडलेला असताना अभिनेत्रीच्या पदरावर ब्रश फिरवला, तर रंग तिच्या मागे पडद्यावर लागतो आणि ती वर असल्यामुळे काहीच दिसत नाही. नवख्याला वाटतं, ब्रश बिघडला. अशा वेळी यादीत अभिनेत्रीच्या लेअरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून पाहावं. अभिनेत्री अदृश्य झाली की मागे पडलेला रंग लगेच सापडतो.

याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. रिकाम्या जागी दिसणारी राखाडी चौकटींची नक्षी हे चित्र नसतं. इथे कागद पारदर्शक आहे, एवढंच ती सांगते. पण कॅमेऱ्यातून आलेली जेपीजी फाइल थेट उघडली, तर तो लेअर पारदर्शक होऊच शकत नाही, कारण जेपीजीमध्ये पारदर्शकतेची नोंदच नसते. त्यावर खोडरबर फिरवला तर चौकटी दिसत नाहीत, पार्श्वभूमीचा निवडलेला रंग लागतो. गिंपमध्ये `Layer > Transparency > Add Alpha Channel` दिल्यावर त्या लेअरला पारदर्शकतेची सोय मिळते आणि मग खोडलेली जागा खरोखर मोकळी होते.

गैरसमज २ : सिलेक्शन म्हणजे सरकत्या तुटक रेषेच्या आतलं सगळं, बाहेरचं काहीच नाही.

वस्तुस्थिती : ही रेषा फक्त खूण आहे. सिलेक्शन प्रत्यक्षात पूर्ण चित्राएवढा एक करडा कागद असतो. साध्या आठ बिटच्या हिशेबात त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. २५५ म्हणजे पूर्ण निवडलेला, ० म्हणजे अजिबात नाही, १२८ म्हणजे जवळपास अर्धा. तुटक रेषा सरकते ती साधारण निम्म्याच्या सीमेवर. त्यामुळे कडा मऊ केलेल्या सिलेक्शनमध्ये रेषेच्या बाहेरही थोडा परिणाम होतो आणि रेषेच्या आतही कडेला तो कमी पडतो. सगळं सिलेक्शन निम्म्याहून कमी असेल तर रेषा दिसतच नाही. फोटोशॉप तशी सूचनाही देतं.

आता भिंत निवडू. `Fuzzy Select` हे साधन घेऊन भिंतीवर क्लिक केलं की तिथल्या रंगाशी मिळतेजुळते आणि एकमेकांना लागून असलेले ठिपके निवडले जातात. किती मिळतेजुळते, हे `Threshold` ठरवतो. ‘लागून असलेले’ हा भाग महत्त्वाचा. कमरेवर ठेवलेला हात आणि अंग यांच्यामधून दिसणारी भिंत चारही बाजूंनी वेढलेली आहे, म्हणून ती निवडीबाहेर राहते. शिफ्ट दाबून तिथे पुन्हा क्लिक करावं लागतं. उलट, गजऱ्याची फुलं भिंतीसारखीच पांढरी आणि तिला चिकटलेली, म्हणून ती भिंतीबरोबर निवडली जातात. साधन रंग ओळखतं. फूल आणि भिंत हा फरक त्याला कळत नाही.

सिलेक्शन कोणत्या लेअरचं, हाही प्रश्न पडतो. ते एका लेअरचं नसतं, संपूर्ण चित्राचं असतं. `Fuzzy Select` रंग पाहतं तो निवडलेल्या लेअरचा, पण तयार झालेलं सिलेक्शन दुसऱ्या कोणत्याही लेअरवर गेलं तरी कायम राहतं.

गैरसमज ३ : सिलेक्शन आणि मास्क या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तुस्थिती : दोन्ही करडे कागदच आहेत. फरक एवढाच, की सिलेक्शन तात्पुरतं असतं आणि चालू कामाची हद्द ठरवतं, तर मास्क एका लेअरला कायमचा जोडलेला असतो आणि त्या लेअरचा कोणता भाग दिसावा हे ठरवतो. मास्कवर पांढरं तिथे लेअर दिसतो, काळं तिथे लपतो, करडं तिथे अर्धवट दिसतो. म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर सहज होतं.

निवडली आहे भिंत, ठेवायची आहे अभिनेत्री. म्हणून आधी `Select > Invert`. मग अभिनेत्रीच्या लेअरला मास्क जोडायचा आणि जोडताना येणाऱ्या चौकटीत `Selection` हा पर्याय निवडायचा. क्षणात भिंत नाहीशी होते आणि मागचा पडदा दिसतो. गजराही नाहीसा होतो.

गैरसमज ४ : मास्क नको असलेला भाग खोडून टाकतो.

वस्तुस्थिती : मास्क फक्त झाकतो. गजऱ्याचे सगळे ठिपके लेअरमध्ये जसेच्या तसे आहेत. भिंत निवडून `Delete` दाबली असती आणि फाइल जतन करून बंद केली असती, तर गजरा कायमचा गेला असता. मास्क वापरल्यामुळे आता पांढरा रंग घेऊन मास्कवर गजऱ्याच्या जागी ब्रश फिरवला की फुलं परत दिसू लागतात. जास्त भिंत उघडी पडली तर काळ्या रंगाने ती पुन्हा झाकता येते. हे कितीही वेळा करता येतं.

इथे नवख्यांची गाडी दोन ठिकाणी अडते. पहिलं म्हणजे, गिंपमध्ये मास्क तयार झाल्यावरही सिलेक्शन चालूच राहतं. गजरा त्या सिलेक्शनच्या बाहेर आहे, त्यामुळे मास्कवर कितीही पांढरा ब्रश घासला तरी तिथे काही होत नाही. आधी `Select > None` द्यावं लागतं; त्याच्या कळा कंट्रोल, शिफ्ट आणि ए.

दुसरं म्हणजे, यादीत लेअरच्या नावासमोर दोन छोटी चित्रं असतात : एक फोटोचं, एक मास्कचं. ज्यावर क्लिक केलं असेल, ब्रश त्यावर चालतो. चुकून फोटो निवडलेला असेल तर काळा ब्रश अभिनेत्रीच्या गालावर काळा डाग उमटवतो. ओळखण्याची खूण साधी आहे. काळ्या ब्रशने मागचा पडदा दिसू लागला तर आपण मास्कवर आहोत. काळा रंगच दिसला तर फोटोवर. फोटोवर असाल तर कंट्रोल-झेड करून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करावं. ऑल्ट दाबून तिथे क्लिक केलं तर मास्क पूर्ण आकारात काळा-पांढरा दिसतो आणि राहून गेलेले ठिपके चटकन डोळ्यांत भरतात.

गैरसमज ५ : मास्क नेमका बसला की कड आपोआप स्वच्छ होते.

वस्तुस्थिती : गडद पडद्यासमोर अभिनेत्रीच्या केसांभोवती पांढुरकी किनार दिसते, ती मास्क नेमका असूनही दिसू शकते. एकेक केस बऱ्याचदा एका ठिपक्यापेक्षा बारीक असतो. कॅमेऱ्याने त्या ठिपक्यात केसाचा काळा आणि भिंतीचा पांढरा यांचं मिश्रण टिपलेलं असतं. मास्क तो ठिपका अर्धा झाकू शकतो, पण त्यात मिसळलेला पांढरा वेगळा काढू शकत नाही, कारण मास्क दिसणं ठरवतो, रंग नाही.

म्हणून मास्क करण्याआधी `Select > Shrink` ने सिलेक्शन एक-दोन पिक्सेल आत घ्यावं आणि `Select > Feather` ने अगदी थोडं मऊ करावं. साडीच्या काठाला हे पुरतं. सुट्या बटांना पुरत नाही. तिथे फोटोच्या लेअरवर जाऊन किनारीवर केसांचा गडद रंग हलक्या ब्रशने द्यावा लागतो. फोटो नव्याने काढायचाच असेल तर अभिनेत्रीला गडद भिंतीसमोर उभं केलेलं बरं. मग गजराही वेगळा ओळखला जातो आणि उरलेली किनार पडद्यात मिसळून जाते.

गैरसमज ६ : निम्मे अपारदर्शक असे दोन कागद एकावर एक ठेवले की मागचं पूर्ण झाकलं जातं.

वस्तुस्थिती : नाटकाच्या नावामागे ५० टक्के अपारदर्शकतेची काळी पट्टी टाकली आणि प्रयोगाच्या तारखेची तशीच पट्टी तिच्यावर थोडी चढली, तर चढलेल्या भागात झाकण ७५ टक्के होतं. पहिली पट्टी मागचं निम्मं झाकते, दुसरी उरलेल्या निम्म्यातलं निम्मं. तिसरी आली तरी साडेसत्त्याऐंशी टक्केच.

कागदाच्या चित्राची मर्यादाही इथे कळते. खरं सेल्युलॉइड किंचित मळकट असायचं, त्यामुळे प्रत्येक वाढत्या पत्र्याखाली रंग थोडे बदलायचे आणि रंगवताना त्याचा हिशेब धरावा लागायचा. संगणकातला रिकामा लेअर खालच्या रंगाला अजिबात हात लावत नाही.

गैरसमज ७ : जेपीजी जतन केली की काम सुरक्षित.

वस्तुस्थिती : जेपीजीमध्ये सगळे कागद एकमेकांना चिकटून एकच होतात. मास्क जातो आणि त्याने झाकलेला भागही. पीएनजी पारदर्शकता राखते, पण वेगवेगळे लेअर नाही. गिंपमध्ये `File > Save` फाइल एक्ससीएफ स्वरूपात ठेवतं, ज्यात लेअर आणि मास्क शाबूत राहतात. जेपीजी हवी असेल तर `File > Export As` वापरावं लागतं. फ्लेक्स छापणाऱ्याला जेपीजी द्यावी आणि एक्ससीएफ स्वतःकडे ठेवावी. प्रयोगाची तारीख बदलली, तर फक्त तारखेच्या कागदावरचा मजकूर बदलून नवी जेपीजी काढता येते.