हाक मारल्यावर बाळ बघत नसेल तर

धरमतरच्या खाडीकाठच्या एखाद्या घरातला वीस महिन्यांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला वेद म्हणू. हा काही खरा मुलगा नाही, पण असं मूल असलेली घरं पेण-रोह्याकडे बरीच आहेत. वेद चालतो, पळतो, वरणभात खातो. बिस्किटाचा पुडा वाजला की आतल्या खोलीतून धावत येतो. आई मात्र पाठीमागून चार वेळा ‘वेद’ म्हणाली तरी मान वळवत नाही. आजी म्हणते, ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापूस तीन वर्षांचा झाल्यावर बोलला.’

आजीचं अगदीच चूक नाही. काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण निव्वळ उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचून बरंच काही सांगत असतं. ते बोट दाखवतं, ओढत नेतं, टाटा करतं आणि केलेली गंमत आपण पाहिली की नाही, हे वळून तपासतं. स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्ये, शब्दांच्या आधी हीच देवाणघेवाण विरळ दिसते. म्हणून शब्द मोजत बसण्यापेक्षा हाकेला मिळणारा प्रतिसाद आणि नजर आधी तपासावी.

नऊ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं नावाला प्रतिसाद देऊ लागतात आणि वर्षाचं मूल तो बऱ्यापैकी नेमाने देतं. पण हाक तपासायचीही एक रीत आहे. मूल मोबाइलमध्ये गुंतलेलं असताना मारलेली हाक धरायची नाही. टीव्ही बंद करावा, मूल साध्या खेळात असावं आणि आपण दोन-तीन हात मागे, बाजूला उभं राहून नेहमीच्या आवाजात नाव घ्यावं. मग पाच सेकंद थांबावं आणि पुन्हा हाक मारावी. टाळी वाजवायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी आणि घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी हे करून बघावं. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास राहून जाते. कागदावर वेद असलेलं पोर घरात सगळ्यांचं ‘सोन्या’ किंवा ‘पिल्लू’ असतं. ज्या नावाने रोज हाक मारता, त्याच नावाने तपासा.

नजरेबद्दल मोठा गैरसमज आहे. ऑटिझम असलेलं मूल कधीच डोळ्यांत बघत नाही, असं लोक धरून चालतात आणि आपलं बाळ बघतं म्हणून निश्चिंत होतात. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या बाळांची नजर तान्हेपणापासून टिपणारा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बाळांचं डोळ्यांकडे बघणं दोन महिन्यांच्या वयाला ठीक होतं. ते त्यानंतरच्या महिन्यांत हळूहळू कमी होत गेलं. शिवाय नजर किती वेळ टिकते याहून ती कशासाठी वापरली जाते, हे जास्त बोलकं असतं. विमान दिसलं की मूल वर बघतं, मग आईकडे आणि पुन्हा विमानाकडे. ‘तू पण बघितलंस ना?’ असं ते नजरेने विचारत असतं. वेदला हवा असतो बरणीतला लाडू. तो आईचं मनगट धरून तिचा हात बरणीवर ठेवतो, पण तिच्या तोंडाकडे बघत नाही. तपासणाऱ्याला यातून बरंच कळतं.

तरीही एकट्या एका खुणेवरून निदान होत नाही, आणि पहिली शंका कानांची असायला हवी. पुड्याच्या आवाजाला धावत येतो म्हणजे ऐकू येतं, हा तर्क अपुरा आहे. पडद्यामागे पाणी साचलं तर काही आवाज पोचतात, काही पोचत नाहीत आणि हे दिवसागणिक बदलतं. त्यासाठी बेरा नावाची तपासणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून, आवाज दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून संदेश जातो का, हे त्यात पाहतात. ही तपासणी मुंबईत करायची ठरली, तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. एक व्यवहारी सूचना: वडखळहून एसटीत बसल्यावर मूल गाढ झोपतं आणि तपासणीच्या वेळी टक्क जागं असतं. प्रवासात त्याला जागं ठेवा.

वेदचे कान चांगले निघाले. पुढे बालरोगतज्ज्ञ एम-चॅट नावाची वीस हो-नाही प्रश्नांची यादी विचारतात. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तीनपेक्षा कमी उत्तरं काळजीची आली तर धोका कमी समजतात आणि आठ किंवा अधिक आली तर थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. मधल्या मुलांच्या आईवडिलांना तेच प्रश्न उदाहरणं मागून पुन्हा विचारतात. वेदची सहा उत्तरं तशी होती आणि फेरविचारणीनंतर चार उरली. दोन किंवा अधिक उरली तरी पुढे पाठवायचं असतं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दोन्ही टप्प्यांवर अडकलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना ऑटिझम निघाला. उरलेल्या बहुतेकांना विकासाची दुसरी काही अडचण होती, म्हणजे त्यांचीही खेप फुकट गेली नाही.

सरकारी वाटेने जायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलं तपासतं आणि शंका आल्यास जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयही नाही. तज्ज्ञ आईवडिलांकडून सगळी हकिकत ऐकतात आणि मुलासोबत खेळतात. साबणाचे फुगे उडवून बाटलीचं झाकण घट्ट लावतात आणि थांबतात. मूल बाटली परत देतं का, बघतं का, की निघून जातं? सोबत दुसरी बाजूही पाहतात: गाडी चालवण्याऐवजी चाकच फिरवत राहणं, हात फडफडवणं, ठरलेल्या रस्त्याने नेलं नाही तर आकांत करणं. दोन्ही बाजू जुळल्या तरच ऑटिझम म्हणतात. अनुभवी माणूस दीड-दोन वर्षांच्या मुलातही हे ओळखू शकतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चाळीस विधानांची इसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात.

मदत मात्र निदानाच्या कागदासाठी थांबू नये. मुंबईतली तारीख महिन्यांनी मिळते आणि थेरपिस्ट आठवड्यातून एखादा तास देणार. उरलेला सगळा वेळ मूल घरीच असतं. गोव्यातली संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचं एक पथक यांनी मिळून केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांचं मुलाशी खेळणं चित्रित केलं आणि तेच त्यांना दाखवून शिकवलं. आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद करू लागली. ऑटिझम गेला नाही, पण बोलण्या-मागण्याची वाट रुंद झाली.

घरी करायचं ते साधंच. जमिनीवर, मुलाच्या तोंडासमोर बसा. तो चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसरं चाक फिरवा आणि मध्येच थांबा. तो वर बघेल तो क्षण तुमचा. लाडू पूर्ण हातात देऊ नका, तुकडा द्या आणि पुढचा मागायची वाट बघा. नाव घ्याल ते गुदगुल्या, खाऊ, झोका यांच्या आधी घ्या. नाव फक्त ओरडण्यासाठीच वापरलं तर मूल त्याकडे पाठ फिरवायलाच शिकेल. हनुवटी धरून ‘इकडे बघ’ करू नका. त्याने नजर मिळते, पण संवाद मिळत नाही. आणि लाखो रुपये घेऊन स्टेम सेलने बरं करतो म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. पुढची तारीख सेविकाताईंना आजच विचारून ठेवा, आणि बाळाला येणारे शब्द येईनासे झाले असतील तर त्या तारखेचीही वाट न बघता सरळ डॉक्टरांकडे जा.